फ्लॅटच्या जाहिरातीतील बारीक अक्षरांचा इतिहास

१.
नव्या गृहप्रकल्पाची वार्ता आज वर्तमानपत्राच्या आधी मोबाइलच्या पडद्यावर पोहोचते. संगणकाने रंगवलेली उंच इमारत, तिच्यामागे मावळता सूर्य, ठळक अक्षरांतली किंमत, आणि कोपऱ्यात इंग्रजी पी अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक, एका संकेतस्थळाचा पत्ता व काळापांढरा क्यूआर कोड. बहुतेकांची नजर त्या कोपऱ्यावर थांबत नाही. जाहिरात लिहिणाऱ्यालाही तो कोपरा सक्तीचा आणि रसभंग करणारा वाटतो. परंतु महाराष्ट्रातील फ्लॅटविक्रीचा सहा दशकांचा इतिहास वाचायचा असेल, तर चित्रापेक्षा तो कोपराच अधिक बोलका आहे. तिथली प्रत्येक सक्ती कोणत्या ना कोणत्या जुन्या फसवणुकीला दिलेले उत्तर आहे. या धाग्यात त्या सक्तींचा उगम, आणि प्रकल्पाच्या शुभारंभाची एक पोस्ट त्यांच्या कसोटीवर कशी बदलते, हे पाहू.

२.
प्रारंभ मुंबईतून करावा लागतो. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हळूहळू आतबट्ट्याचे ठरू लागले. बांधणाऱ्यांनी मग मार्ग बदलला. इमारत बांधून घरे एकेकट्या कुटुंबाला मालकी हक्काने विकायची, आणि बांधकामाचा खर्चही खरेदीदारांच्या आगाऊ रकमांतूनच उभा करायचा. त्यामुळे खरेदीदाराच्या हाती पैसे देताना घर नसे. असे ते फक्त घराचे वर्णन. विकली जाणारी वस्तू अस्तित्वात नसताना तिचे वर्णन हाच व्यवहाराचा पाया झाला. फ्लॅटच्या जाहिरातीचे वेगळेपण येथे आहे. साबणाची जाहिरात खोटी निघाली तर वडी परत आणता येत नाही, एवढेच. येथे आयुष्यभराची बचत अडकते.

३.
घरटंचाईमुळे मालकी हक्काच्या फ्लॅटांच्या व्यवहारांत गैरप्रकार वाढत असल्याची नोंद राज्य सरकारने घेतली, चौकशीसाठी समिती नेमली आणि १९६३मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा केला. लोकांच्या तोंडी तो 'मोफा' म्हणून रुळला. जमिनीवरील हक्क उघड करणे, मंजूर नकाशे दाखवणे आणि आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून त्याची नोंदणी करणे ही बंधने त्याने प्रवर्तकावर घातली. आगाऊ रक्कम किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक नसावी, असेही ठरले. फ्लॅटची जाहिरात दिल्यास तीत कार्पेट एरिया म्हणजे चटई क्षेत्र, किंमत, हप्त्यांचे टप्पे आणि सामाईक सोयी यांचा तपशील असावा, आणि विक्री चटई क्षेत्रावरच व्हावी, अशीही तरतूद या कायद्यात आली. थोडक्यात, आज नवी वाटणारी बरीच बंधने जुनीच आहेत.

४.
मग ती पाळली का गेली नाहीत? कारण जाहिरातीतले विधान ताडून पाहण्याची सोयच खरेदीदाराकडे नव्हती. मंजूर नकाशा पाहायचा तर तो प्रवर्तकाच्याच कार्यालयात. तक्रार करायची तर पोलीस, ग्राहक मंच किंवा दिवाणी न्यायालय, आणि प्रत्येक ठिकाणी वर्षांचा हिशेब. या पोकळीत बाजाराने स्वतःची भाषा घडवली. चटई क्षेत्राची जागा 'बिल्टअप'ने घेतली, पुढे 'सुपर बिल्टअप'ने. जिना, लिफ्ट, प्रवेशदालन, कधीकधी बागेचाही वाटा घराच्या आकारात मिसळला जाऊ लागला. या भरीला बाजारात 'लोडिंग' म्हणत. लोडिंग किती धरायचे याला कायद्याचे माप नव्हते, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींचे दर एकमेकांशी ताडून पाहणे अशक्य झाले.

५.
पार्किंगचीही हीच गत. इमारतीच्या खांबांमधली मोकळी जागा वेगळी किंमत लावून विकली जाई. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईच्या खटल्यात निर्णय दिला की, मोफानुसार अशी स्टिल्ट पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येणार नाही. राज्याने २०१२मध्ये नियामकाची तरतूद असलेला स्वतःचा गृहनिर्माण कायदा संमत केला. पण केंद्राचा 'रेरा' येताच त्याच्याच ९२व्या कलमाने तो रद्द झाला. मोफा मात्र उरला.

६.
रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६मध्ये संमत झाला आणि त्याच्या उर्वरित तरतुदी १ मे २०१७पासून लागू झाल्या. महाराष्ट्रात 'महारेरा' प्राधिकरण उभे राहिले. जाहिरातीच्या दृष्टीने या कायद्याचा खरा पालट दंडाच्या आकड्यात नव्हता. तो सार्वजनिक नोंदीत होता. प्रवर्तकाने नकाशे, परवानग्या, सदनिकांची संख्या, जमिनीवरील बोजा आणि काम पुरे करण्याची तारीख एका संकेतस्थळावर जाहीर करायची. जाहिरात आणि ही नोंद आता शेजारी ठेवून वाचता येऊ लागली. मोफाला जे साधले नव्हते, ते येथे शक्य झाले.

७.
कायद्याची जाहिरातीची व्याख्या हेतुतः रुंद आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही रूपात प्रकल्पाची माहिती देणारी किंवा खरेदीचे निमंत्रण देणारी प्रसिद्धी म्हणजे जाहिरात. कायदा लिहिला गेला तेव्हा रील हा प्रकार रुळलेला नव्हता. तरीही रील, व्हॉट्सॲप स्टेटस, मध्यस्थाने पुढे ढकललेले चित्र हे सारे या व्याख्येत बसते. कलम ३ सांगते की नोंदणीपूर्वी जाहिरात, बुकिंग, विक्री किंवा खरेदीचे निमंत्रण, काहीच करता येणार नाही. जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. शुभारंभापूर्वी फिरणारे 'लवकरच येत आहे, नाव नोंदवा, टोकन परत मिळेल' हे मजकूर म्हणूनच धोक्याचे ठरतात. टोकन परत मिळणारे असले, तरी ते नोंदणीपूर्वीचे निमंत्रणच.

८.
आता एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका उपनगरात दोन टप्प्यांचा प्रकल्प आहे. पहिल्या टप्प्यातल्या इमारतीत ८४ फ्लॅट आहेत आणि त्या टप्प्याची महारेरा नोंदणी झाली आहे. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्याने शुभारंभासाठी पुढील मजकूर लिहिला:

'भव्य शुभारंभ! स्टेशनपासून फक्त ५ मिनिटांवर प्रशस्त २ बीएचके, ८६८ चौ. फूट, अवघ्या ₹ ६२ लाखांत! जलतरण तलाव, क्लब हाऊस. महारेरा मान्यताप्राप्त. तीन वर्षांत किंमत दुप्पट, हमखास! अटी लागू.'

यातली एकही ओळ निखळ कपोलकल्पित नाही. प्रत्येकीच्या मागे काहीतरी आधार आहे, आणि म्हणूनच हा मजकूर अभ्यासण्याजोगा आहे. फसवी जाहिरात बहुधा अशीच असते.

९.
पहिला प्रश्न क्षेत्रफळाचा. मंजूर नकाशानुसार या फ्लॅटचे चटई क्षेत्र ६२० चौ. फूट आहे, त्यावर ४० टक्के लोडिंग चढवून ८६८चा आकडा आला. ₹ ६२ लाखांना ८६८ने भागले की दर सुमारे ₹ ७,१४३ दिसतो. ६२०ने भागले की ₹ १०,०००. घर तेच, किंमत तीच, पण शेजारच्या प्रामाणिक प्रकल्पापेक्षा हा प्रकल्प स्वस्त भासू लागतो. रेराने चटई क्षेत्राची नेमकी व्याख्या केली: वापरता येण्याजोगे निव्वळ क्षेत्र. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळायची. घरातल्या आतल्या भिंती धरायच्या. येथे जुन्या दस्तांच्या वाचकाने एक फरक ध्यानी ठेवावा. मोफाच्या चटई क्षेत्रात बाल्कनी मोजली जात होती, रेराच्या मोजणीत ती वेगळी निघाली. त्यामुळे १९९०च्या दशकातले ६२० आणि आजचे ६२० हे आकडे सरळ ताडता येत नाहीत. आमच्या उदाहरणात ४५ चौ. फुटांची बाल्कनी स्वतंत्र लिहावी लागेल.

१०.
दुसरा प्रश्न किमतीचा. ₹ ६२ लाख ही मूळ किंमत आहे. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या फ्लॅटवर १ एप्रिल २०१९पासून ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे येथे ₹ ३ लाख १० हजार. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि बंदिस्त पार्किंगचा मोबदला त्यावर. 'लाखांत' हा प्रत्यय म्हणूनच असत्य ठरतो. शिवाय ८४ फ्लॅटांपैकी सहाच या किमतीचे असतील, तर तेही सांगायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ९ जून २०२२ रोजी आलेल्या मार्गदर्शक सूचनांत आमिष जाहिरातीचा स्वतंत्र विचार आहे: जाहीर केलेल्या किमतीत पुरेशी वस्तू देता येण्याची वाजवी शक्यताच नसेल, तर ती किंमत हे आमिष होय.

११.
तिसरा प्रश्न अंतराचा आणि सोयींचा. 'पाच मिनिटे' हे माप नाही. पहाटे चार वाजताची पाच मिनिटे संध्याकाळी सात वाजता पंचवीस होतात. रस्त्याने ३.४ किलोमीटर हे माप आहे, आणि ते कोणालाही तपासता येते. जलतरण तलावाची गोष्ट अधिक गंभीर आहे. तो दुसऱ्या टप्प्यात योजलेला आहे, त्या टप्प्याचे नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत. रेराच्या दृष्टीने स्वतंत्र नोंदणी झालेला प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प असतो. पहिल्या टप्प्याचा क्रमांक छापून दुसऱ्या टप्प्याचा तलाव दाखवणे म्हणजे एका दस्ताच्या बळावर दुसरीच वस्तू विकणे. कलम १२ येथे लागू होते. जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे दिल्याने नुकसान झाले, तर भरपाई मिळते. खरेदीदाराला बाहेर पडायचे असेल, तर संपूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. तलावाचे चित्र, एकदा पोस्ट झाले की, प्रवर्तकाच्या विरुद्ध पुरावा म्हणून जिवंत राहते.

१२.
चौथा प्रश्न दोन शब्दांचा. 'मान्यताप्राप्त' हा शब्द ऐकला की प्राधिकरणाने प्रकल्प तपासून पसंत केला, असा समज होतो. महारेरा नोंदणी करते. बांधकामाचा दर्जा, किमतीचा वाजवीपणा किंवा प्रवर्तकाची पत यांची ती हमी नसते. योग्य शब्द 'नोंदणीकृत' हाच. आणि 'हमखास दुप्पट' या विधानाला आधारच असू शकत नाही, कारण भविष्यातील बाजारभाव कोणाच्याही ताब्यात नाही. ते दुरुस्त करता येत नाही, केवळ काढता येते. 'प्रशस्त', 'देखणे' यांसारखी विशेषणे मात्र राहू शकतात. कायदा अभिरुचीचा न्याय करत नाही, मोजता येणाऱ्या विधानांचा करतो.

१३.
शेवटच्या 'अटी लागू'ने यातले काहीच वाचत नाही. २०२२च्या सूचनांनुसार खुलासा मुख्य विधान स्पष्ट करू शकतो, त्याला छेद देऊ शकत नाही. तो दाव्याच्याच भाषेत आणि सहज दिसेल असा असावा लागतो. मराठी दाव्याखाली इंग्रजीतली मुंगीएवढी ओळ ही पळवाट त्यामुळे बंद झाली. 'चित्र केवळ कल्पनाचित्र' एवढे लिहून मंजूर नसलेला तलाव दाखवता येत नाही.

१४.
आता तो कोपरा. कलम ११(२)नुसार जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक ठळकपणे हवा. अनुभव असा की क्रमांक छापला जाई, पण वाचता येणार नाही असा. म्हणून महारेराने १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की थेट प्रकल्पाचे पान उघडते. त्याच वर्षी जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी महारेराने जाहिरात मानक परिषदेशी, म्हणजे १९८५मध्ये स्थापन झालेल्या 'आस्की'शी, करार केला. एप्रिल २०२५मध्ये आणखी स्पष्टता आली: क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात असावेत आणि त्यांची अक्षरे संपर्काच्या अक्षरांहून लहान नसावीत. पळवाट आणि नियम यांचा हा पाठलाग अक्षरांच्या आकारापर्यंत येऊन पोहोचला आहे.

१५.
समाजमाध्यमाने या पाठलागाला नवे वळण दिले. वर्तमानपत्रातली जाहिरात एकसंध असते. पोस्टचे तुकडे होतात. चित्राखाली लिहिलेला क्रमांक चित्र व्हॉट्सॲपवर पुढे गेले की मागे राहतो. म्हणून तो चित्रातच हवा, आणि रीलमध्ये वाचून होईल इतका वेळ पडद्यावर हवा. मध्यस्थ स्वतः नोंदणीकृत हवा आणि त्याने मूळ मजकुरात भर घालू नये. पैसे किंवा अन्य लाभ घेऊन घर दाखवणाऱ्या प्रभावकाने ती जाहिरात असल्याचे पहिल्याच दृष्टीत सांगायला हवे. आस्कीचे त्याविषयीचे नियम जून २०२१पासून लागू आहेत. आणि जुनी पोस्ट भिंतीवर राहतेच. किंमत बदलली, नोंदणीची मुदत संपली, पण पोस्ट तशीच असेल, तर ती नव्याने दिशाभूल करत राहते. शहाणा प्रसिद्धिप्रमुख म्हणून प्रत्येक पोस्टची दिनांकित प्रत आणि त्या दिवशीच्या महारेरा पानाची प्रत एकत्र जपतो, व मजकूर कालबाह्य होताच पोस्ट उतरवतो.

१६.
चूक किती महाग पडू शकते? नोंदणीविना जाहिरात केल्यास कलम ५९नुसार प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ₹ ४० कोटींच्या प्रकल्पात ती मर्यादा ₹ ४ कोटी. इतर बहुतेक उल्लंघनांना कलम ६१खाली ५ टक्क्यांची मर्यादा आहे. क्यूआर कोड नसल्याबद्दलचा दंड मात्र ₹ ५० हजारांपर्यंतचा. मोठ्या प्रवर्तकाला तो किरकोळ वाटू शकतो, ही या व्यवस्थेची एक मर्यादा. दुसरी मर्यादा अशी की संकेतस्थळावरील माहिती प्रवर्तकानेच भरलेली असते. जाहिरात आणि नोंद जुळतात, एवढे वाचकाला कळते. नोंद आणि जमिनीवरचे वास्तव जुळते का, यासाठी जागेवर जाणे आणि वकिलाला कागद दाखवणे टळत नाही.

१७.
सारे हिशेब करून त्या शुभारंभाची पोस्ट अशी उरते. वरच्या उजव्या कोपऱ्यात नोंदणी क्रमांक, maharera.maharashtra.gov.in हा पत्ता आणि क्यूआर कोड. त्याखाली:

'टप्पा १ चा शुभारंभ. २ बीएचके, चटई क्षेत्र ५७.६० चौ. मी. (६२० चौ. फूट), बाल्कनी ४.१८ चौ. मी. (४५ चौ. फूट) वेगळी. मूळ किंमत ₹ ६२ लाखांपासून. या किमतीत ६ फ्लॅट. जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क व बंदिस्त पार्किंग अतिरिक्त. रेल्वे स्थानक रस्त्याने ३.४ किमी. क्लब हाऊस याच टप्प्यात. काम पूर्ण होण्याची महारेराकडे जाहीर केलेली तारीख ३१ डिसेंबर २०२९. करार करण्यापूर्वी कागदपत्रे पाहण्यासाठी कार्यालयात यावे.'

१८.
हा मजकूर पहिल्यापेक्षा कमी चमकदार आहे, आणि कदाचित त्यावर कमी दूरध्वनी येतील. पण जे येतील, त्यांतला कोणी '८६८ फूट कुठे गेले' असे विचारणार नाही. दर चटई क्षेत्रावर दिसतो, ताब्याचा अंदाज तारखेवर टेकतो, आणि प्रत्येक आकड्याला संकेतस्थळावर जोड सापडते. १९६३च्या कायद्याने जाहिरातीकडून जे मागितले होते, त्यातले बरेचसे येथे आले आहे: आकार, किंमत, सोयी. मधल्या सहा दशकांत मागणी फारशी बदलली नाही. बदलले ते इतकेच की आता ती पुरी झाली की नाही, हे बसच्या रांगेत उभा असलेला खरेदीदारही मोबाइल समोर धरून अर्ध्या मिनिटात पाहू शकतो.